मालक किरायावर बँकेचं कर्ज घेतायत आणि पत्रावर सही माझी हवी आहे. करू का? (एलआरडी, इंदूर)

पडदेवाली · सोमवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही.

माझं पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे, इंदूरला ए. बी. रोडलगत, एका इमारतीत पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावर रेडिमेड कपड्यांचं मोठं दुकान, दुसऱ्या मजल्यावर कोचिंग क्लास. मालक एकच, सत्तरीचे, स्वभावाने चांगले. मी त्यांना काकाच म्हणते. किरायानामा एप्रिल 2022 चा, नऊ वर्षांचा, रजिस्टर केलेला. तीन वर्षांचं लॉक-इन होतं, ते संपलं. आता मी तीन महिन्यांची नोटीस देऊन कधीही जाऊ शकते, मालकांना मात्र मुदतीआधी मला उठवता येत नाही. किराया सध्या महिन्याला 1 लाख, वर जीएसटी. डिपॉझिट 6 लाख त्यांच्याकडे आहे.

काकांना मुलाच्या कारखान्यासाठी पैसे हवे आहेत. बँक त्यांना आमच्या तिघांच्या येणाऱ्या किरायावर कर्ज देते आहे. त्याला एलआरडी म्हणतात म्हणे. त्यासाठी बँकेच्या छापील पत्रावर आम्हा तिघांच्या सह्या हव्यात. काका म्हणाले, "काही नाही गं, नुसता खाते नंबर बदलतोय." पण मी पत्र दोनदा वाचलं, आणि त्यातल्या तीन गोष्टी मला खुपतायत.

एक, कर्ज फिटेपर्यंत बँकेच्या लेखी परवानगीशिवाय मी किरायानामा संपवणार नाही, बदलणार नाही. दोन, किराया "कोणतीही कपात, वजावट वा प्रतिदावा न करता" भरायचा. तीन, मालकाची कुठलीही जबाबदारी बँकेवर येणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मी का अडले ते सांगते. गेल्या पावसाळ्यात मागच्या भिंतीतून पाणी आलं, दोन गठ्ठे कापड गेलं. काकांच्या संमतीने मी स्वतः वॉटरप्रूफिंग करून घेतलं, 46 हजार आले, आणि ते दोन महिन्यांच्या किरायातून वळते केले. या पत्रावर सही केली तर असं पुन्हा करता येणार नाही ना? आणि काकांचे हप्ते थकले तर मी दुकानासकट रस्त्यावर येणार का?

---

रामबागकर · सोमवार, रात्री 10:15

ताई, अजिबात घाबरू नका. आपल्याकडे 1961 चा स्थान नियंत्रण कायदा आहे. त्यात किरायेदाराला काढायची कारणं ठरवून दिलेली आहेत, आणि मालकाने कर्ज बुडवलं हे त्यातलं कारण नाही. बँक कोर्टात गेली तरी तुम्हाला हात लावू शकत नाही. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की बँकांच्या कर्जवसुलीचा सरफेसी कायदा लावून बँकेला भाडेकरूचं संरक्षण मोडता येत नाही. माझ्या मामांचं दुकान राजवाड्याजवळ चाळीस वर्षं किरायावर आहे, तीनदा मालक बदलले, काही झालं नाही. करा सही निवांत.

---

जुना_क्रेडिटवाला · मंगळवार, सकाळी 7:05

मी एका सरकारी बँकेत कर्ज विभागात होतो, आता निवृत्त आहे. असे प्रस्ताव स्वतः तयार केले आहेत, म्हणून बँक काय बघते ते आधी सांगतो. ते कळलं की पत्रातलं प्रत्येक वाक्य तिथे का आहे हे कळेल.

बाकी दोघांचे आकडे मला माहीत नाहीत. धरून चालू की तळमजल्याचे 1 लाख 40 हजार, तुमचे 1 लाख, कोचिंगचे 60 हजार. एकूण 3 लाख. यातून दहा टक्के टीडीएस तुम्ही लोक आधीच कापता, म्हणजे हातात 2 लाख 70 हजार. मालमत्ता कर, विमा, देखभाल यांचे 30 हजार बाजूला काढले तर 2 लाख 40 हजार उरतात. बँक हे सगळं हप्त्याला लावत नाही. समजा 85 टक्के लावले, तर हप्ता 2 लाख 4 हजारांचा बसतो. पाच वर्षं, दहा टक्के व्याज धरलं तर एवढ्या हप्त्यात साधारण 96 लाखांचं कर्ज निघतं. पुढच्या पाच वर्षांचा किराया आजच्या किमतीला मोजून मालकाच्या हातात ठेवला, एवढाच याचा अर्थ. शिवाय इमारतही गहाण घेतातच.

आता बघा, या कर्जाचा हप्ता काका भरत नाहीत, तुम्ही तिघं भरता. म्हणून बँकेला तुमची सही हवी असते, आणि म्हणूनच तुम्ही पाच वर्षं जाऊ नये अशी अट असते. तुमचं लॉक-इन संपलंय हे बँकेने किरायानाम्यात वाचलं आहे. ते भोक बुजवण्यासाठीच पहिली अट आहे. तुम्ही सही केलीत की संपलेलं लॉक-इन पाच वर्षांसाठी परत जिवंत झालं, आणि बदल्यात तुम्हाला एक पैसाही मिळालेला नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती किरायेदारांच्या लक्षात येत नाही. तुम्ही वेळेवर किराया भरलात म्हणून तुम्ही सुरक्षित नाही. कोचिंगवाले गेले तर खात्यात 2 लाख 16 हजार येतील. हप्ता जेमतेम निघेल, पण कर आणि देखभालीला 12 हजारच उरतील, बाकी काकांनी खिशातून घालायचे. तळमजला रिकामा झाला तर येतील 1 लाख 44 हजार. दर महिन्याला 60 हजारांचा खड्डा. थकबाकी 90 दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए होतं. मग सरफेसीची 60 दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर बँक इमारतीचा ताबा घेऊ शकते. या सगळ्यात तुमचा स्वतःचा एकही हप्ता चुकलेला नसेल.

म्हणून काकांना पहिला प्रश्न हा विचारा, की खालच्या दुकानाचा किरायानामा किती वर्षांचा उरलाय.

---

पडदेवाली · मंगळवार, दुपारी 1:20

क्रेडिटवाले साहेब, तुमचं वाचून हात थंड पडले. खालच्या दुकानाचा करार पुढच्या वर्षी संपतोय. त्यांचा मॅनेजर मागे म्हणाला होता की विजयनगरला मोठी जागा बघतोय.

---

नर्मदातीर · मंगळवार, दुपारी 2:45

माझ्या मित्रासोबत झालेलं सांगतो. गाव आणि बँक दोन्ही लिहीत नाही.

त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. करार 11 महिन्यांचा, स्टँप पेपरवर, दर वर्षी नवा करायचे. सात वर्षं तिथेच होता. मालकाने जागा कधीचीच बँकेकडे ठेवली होती, याला माहीतच नव्हतं. एक दिवस सकाळी शटरवर नोटीस. त्याने वकील केला, जबलपूरला डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात, अर्ज केला. आपल्याकडून जबलपूर म्हणजे रात्रीची ओव्हरनाइट पकडायची, दिवसभर तिथे बसायचं आणि रात्री परत. अशा नऊ तारखा झाल्या. बँकेचा वकील एवढंच म्हणाला की गहाण आधीचं, करार नंतरचा, बँकेची परवानगी नाही, आणि रजिस्टर केलेलाही नाही. शेवटी तडजोड करून चार महिन्यांची मुदत मिळाली. डिपॉझिट 2 लाख होतं, मालक गायब. ते बुडालं.

तेव्हा कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून निवांत राहा, हे रामबागकरांचं म्हणणं मला पटत नाही.

---

रामबागकर · मंगळवार, दुपारी 3:30

पण 2016 चा निकाल आहेच की. मी मनाने सांगत नाहीये.

---

वकील_साउथतुकोगंज · मंगळवार, रात्री 8:50

निकाल आहे, विशाल कलसरियाचा. पण गोष्ट तिथे थांबलेली नाही. त्याच वर्षी सरफेसी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 17 मध्ये 4-अ आलं, त्यामुळे किरायेदाराचा दावा डीआरटी तपासते. मुदत संपली आहे का, करार मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 65-अ विरुद्ध आहे का, गहाणखताच्या अटींविरुद्ध आहे का, 60 दिवसांच्या नोटिशीनंतर केलेला आहे का, हे ती बघते. मग 2019 मध्ये बजरंग श्यामसुंदर अग्रवाल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की तोंडी किंवा रजिस्टर न केलेल्या करारावर बसलेल्याला एक वर्षाहून जास्त मुदतीचं संरक्षण मागता येत नाही, आणि मुदत संपून नुसता बसून राहिलेल्याला रेंट कायद्याची ढाल मिळत नाही. रामबागकर, तुमच्या मामांची किरायेदारी जुनी आहे, गहाणाच्या आधीची आहे, पावत्या असतील. त्यांची बाजू वेगळी आणि भक्कम आहे. ती सगळ्यांना लागू करू नका.

नर्मदातीर यांच्या मित्राचा सगळा घोळ तारखेचा आहे. या विषयात तारीख हेच सर्वात मोठं हत्यार. किरायानामा आधी आणि गहाण नंतर, तर बँकेने ती मालमत्ता तुमच्यासकट घेतली. उद्या बँकेने ताबा घेतला तरी तो कागदावरचा ताबा, तुम्ही मुदत संपेपर्यंत राहता, किराया फक्त बँकेला देता. लिलावात घेणाराही तुमच्यासकट घेतो. गहाण आधी आणि किरायानामा नंतर, तर 65-अ बघावं लागतं. त्यात इमारतीचा करार तीन वर्षांहून जास्त नको, किराया आगाऊ घेतलेला नको, पगडी नको, नूतनीकरणाची हमी नको. आणि बहुतेक गहाणखतांत तेवढंसुद्धा बँकेच्या परवानगीशिवाय करायचं नाही असं लिहिलेलं असतं.

पडदेवाली ताई, तुमचा 2022 चा रजिस्टर्ड किरायानामा या कर्जाच्या आधीचा आहे. काकांनी ही इमारत आणखी कुठे आधीच ठेवलेली नसेल, तर तुमची जागा चांगली आहे. ते तपासून घ्या. सेरसाई म्हणजे गहाणांची केंद्रीय नोंदवही, तिच्या संकेतस्थळावर थोडंसं शुल्क भरून मालमत्तेचा शोध घेता येतो. नुसते मूळ कागद बँकेत ठेवून केलेलं गहाण नोंदणी कार्यालयाच्या शोधात सापडेलच असं नाही, तिथे मात्र सापडण्याची शक्यता जास्त. इमारत काकांच्या नावावर नसून एखाद्या कंपनीच्या नावावर असेल तर कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर बोज्यांची यादी दिसते.

---

सुदामानगर_2बीएचके · मंगळवार, रात्री 9:30

मीही याच काळजीत आहे. आम्ही फ्लॅट 14 हजारांनी किरायाने घेतलाय, मालकाचं होम लोन चालू आहे असं शेजारी म्हणाले. मग मीसुद्धा किराया बँकेला द्यायला हवा का? या महिन्याचा थांबवून ठेवलाय.

---

जुना_क्रेडिटवाला · मंगळवार, रात्री 9:55

नाही नाही, थांबवू नका, तुमचं प्रकरण वेगळं आहे. होम लोनचा हप्ता मालक स्वतःच्या पगारातून भरतो, तुमचा किराया बँकेच्या नावे केलेला नाही. लेखी सूचना हातात येईपर्यंत किराया मालकालाच द्यायचा, आणि खात्यातून द्यायचा म्हणजे पुरावा राहतो. उगाच थांबवलात तर थकबाकीदार तुम्हीच ठराल.

पण तुमच्या प्रश्नावरून पडदेवाली ताईंना एक सांगायचं राहिलं. किराया बँकेच्या नावे केल्याची लेखी सूचना मिळेपर्यंत मालकाला दिलेला पैसा पोचला असं धरतात. सूचना मिळाल्यावर मालकाच्या हातात दिलेला पैसा बँकेच्या लेखी पोचलेलाच नाही, तो परत भरावा लागू शकतो. सही केल्यावर सहा महिन्यांनी फोन येतो की या महिन्याचा जुन्या खात्यात टाक, जरा अडचण आहे. माणूस ओळखीचा असतो, आपण टाकतो. माझ्या नोकरीत असे दोन किरायेदार बघितले, दोघांनीही भिडेपोटी पैसे दिले आणि दोघांनाही दोनदा भरावे लागले. काका कितीही चांगले असोत, बँकेचं लेखी पत्र आल्याशिवाय खातं बदलू नका.

---

हिशेबनीस · बुधवार, सकाळी 8:15

सीए आहे, माझ्या कामाचं तेवढंच लिहिते. टीडीएस पूर्वीसारखाच मालकांच्या पॅनवर कापा, पैसे बँकेच्या खात्यात गेले म्हणून बँकेचा पॅन टाकू नका. हा गोंधळ मी पाहिलाय, मालकांच्या खात्यात श्रेय दिसत नाही आणि मग वर्षभर पत्रव्यवहार.

खरी भीती जीएसटीची आहे. तुम्ही 1 लाखावर 18 हजार जीएसटी देता आणि त्याचं क्रेडिट घेता. टीडीएसचे 10 हजार वजा जाऊन एस्क्रोमध्ये, म्हणजे बँक जिथून हप्ता ओढते त्या खात्यात, 1 लाख 8 हजार जातील. हप्ता ओढल्यावर मालकांच्या हातात कमी उरतं, आणि ओढाताण सुरू झाली की पहिला बळी जीएसटीचा जातो. त्यांनी बिल पोर्टलवर चढवलं नाही तर तुमच्या 2-बीत, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या पत्रकात, दिसणार नाही आणि क्रेडिट मिळणार नाही. चढवलं पण कर भरलाच नाही, तर घेतलेलं क्रेडिट तुम्हाला परत करावं लागू शकतं. वर्षाचे 2 लाख 16 हजार होतात, हे दोन महिन्यांच्या किरायापेक्षा जास्त आहे. तेव्हा पत्रात लिहून घ्या की जीएसटीची रक्कम हप्त्यात ओढली जाणार नाही, ती मालकांच्या चालू खात्यात सोडली जाईल. आणि दर महिन्याच्या 14 तारखेनंतर 2-बी उघडून बघाच. सलग दोन महिने बिल दिसलं नाही तर मालकांची आर्थिक तब्येत बिघडलीय असं समजा, मग हप्त्याची चौकशी करा. बाहेरच्या माणसाला हे सर्वात आधी इथेच कळतं.

---

पडदेवाली · बुधवार, रात्री 10:05

सगळ्यांचे मनापासून आभार. आज एक नवीन वळण आलं.

सेरसाईत शोध घेतला, इमारतीवर काही सापडलं नाही. काकांनी आधी कुठे ठेवलेली नसावी, बरं वाटलं. मग संध्याकाळी त्यांचा मुलगा आला. म्हणाला, पत्रातल्या अटी नको असतील तर सोडून द्या, आपण सरळ नवीन किरायानामा करू. जुना रद्द, आजपासून नवीन नऊ वर्षं, पाच वर्षांचं लॉक-इन, आणि त्याबद्दल तो किराया 1 लाखावरून 92 हजार करायला तयार आहे. बँकेचं मंजुरी पत्र आलंय, कागद पुढच्या सोमवारी बँकेत जमा होणार आहेत, आणि नवीन किरायानामा "त्यानंतर सवडीने" रजिस्टर करू म्हणाला.

खरं सांगते, मला हे आवडलं. वर्षाला 96 हजार वाचतात, आणि मला इथून जायचंही नाहीये. गिऱ्हाइकं या पत्त्यावर जमली आहेत. हो म्हणू ना?

---

वकील_साउथतुकोगंज · बुधवार, रात्री 10:40

थांबा. सोमवारपर्यंत कशावरही सही करू नका.

काल मी म्हटलं की तारीख हेच तुमचं हत्यार आहे. मुलगा तेच हत्यार 8 हजारांत मागतोय. बहुधा त्यालाही कळलेलं नाही, त्याच्या मनात कपट असेल असं मी म्हणत नाही. पण क्रम बघा. सोमवारी कागद बँकेत जमा झाले की गहाण झालं. त्यानंतर सवडीने नवीन किरायानामा झाला की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 111 प्रमाणे जुना आपोआप सोडून दिल्यासारखा होतो. चालू मुदतीतच त्याच मालकाकडून नवीन करार घेतला की जुना गळून पडतो, वेगळं रद्दपत्र लागत नाही. उरला नवीन करार, आणि तो गहाणानंतरचा. नऊ वर्षांचा, म्हणजे 65-अ च्या तीन वर्षांच्या मर्यादेबाहेरचा. शिवाय किराया कमी केलेला, म्हणजे बँक उद्या म्हणणार की रास्त किरायावरही दिलेला नाही. आज तुम्ही बँकेच्या पुढे उभ्या आहात. त्या दिवशी नर्मदातीर यांच्या मित्राच्या जागी उभ्या राहाल.

सवलत हवी असेल तर जुना 2022 चा करार हलवू नका. त्याला पूरक करार जोडा, फक्त किराया आणि लॉक-इन एवढे दोनच बदल, "बाकी मूळ करार कायम" असं स्पष्ट वाक्य, आणि तो सोमवारच्या आधी रजिस्टर करा. नोंदणी खात्याच्या संपदा पोर्टलवर स्लॉट मिळाला तर दोन दिवसांचं काम आहे. सोमवार उलटला तर तोच पूरक करार बँकेच्या लेखी संमतीने, बँकेला त्यात पक्षकार करून.

---

जुना_क्रेडिटवाला · गुरुवार, सकाळी 6:50

वकीलसाहेबांचं शंभर टक्के बरोबर. त्यात बँकेच्या बाजूने एक भर. किराया 92 हजार झाला तर कर्जही कमी होईल, कारण मंजुरी 1 लाखावर झालेली आहे. मुलाने हे बँकेला सांगितलंय का? सांगितलं नसेल आणि बँकेकडे जुना किरायानामा गेला, तर एस्क्रोत दर महिन्याला कमी पैसे येतील आणि शाखा तुम्हाला विचारेल की उरलेले कुठे आहेत. तुम्ही पत्रावर 1 लाखाची कबुली दिलेली असेल. त्या 8 हजारांची थकबाकी तुमच्या नावावर चढेल.

आता पत्राबद्दल. छापील नमुना बदलत नाही असं शाखेत सांगतील, पण तोंडी बोलण्याने ते बदलणारही नाहीत. तुमचं स्वतःचं उत्तर लिहून द्या, म्हणजे ते वरच्या कार्यालयात जातं. 2022 च्या करारातला माझा नोटीस देण्याचा हक्क कायम राहील, पण नोटिशीची प्रत मी बँकेलाही देईन, असं लिहा. एवढं मान्य होऊ शकतं, बँकेला निदान अंधारात राहायचं नसतं. वजावटीबद्दल, इमारतीच्या तातडीच्या दुरुस्तीला वर्षाला अमुक रकमेपर्यंत, बिल आणि मालकाच्या सहीनिशी, असं मागा. आम्ही एका प्रस्तावात वर्षाला अर्ध्या महिन्याच्या किरायाएवढं मान्य केलं होतं. तुमचे 46 हजार त्यात बसले असते. आणि तिसरं, मी करार पाळत असेन तोवर बँक किंवा तिच्याकडून जागा घेणारा मला मुदतीआधी उठवणार नाही, हे वाक्य. मोठ्या कंपन्या हे घेतल्याशिवाय सही करत नाहीत. लहान दुकानदाराला देतील याची खात्री मी देऊ शकत नाही. पण तुमचा किरायानामा आधीचा असल्यामुळे कायद्यात ते तसंही आहेच, एवढा मुद्दा धरून बोला.

---

रामबागकर · गुरुवार, सकाळी 9:20

माझं पहिलं उत्तर घाईचं होतं, ताई. मामांना आज विचारलं, त्यांनी जुन्या पावत्या लोखंडी कपाटातून काढून दाखवल्या. 1983 पासूनच्या आहेत. आता प्रती काढून घेतो.

एक विचारायचं राहिलं. डिपॉझिटचं काय? समजा लिलाव झालाच, तर 6 लाख नवीन मालकाने द्यायचे की नाही?

---

वकील_साउथतुकोगंज · गुरुवार, दुपारी 12:30

यावर मी ठाम उत्तर देणार नाही. कलम 109 मध्ये म्हटलंय की जागा विकत घेणाऱ्यावर, किरायेदाराने तसं ठरवलं तर, जुन्या मालकाच्या मालमत्तेसंबंधीच्या जबाबदाऱ्या येतात. डिपॉझिट त्यात येतं असं मी कोर्टात मांडीन. समोरचा म्हणेल की लिलाव "आहे तिथे, आहे तसं" या अटीवर झाला, डिपॉझिट मला मिळालेलं नाही आणि लिलावाच्या जाहिरातीत त्याचा उल्लेखही नव्हता. दोन्ही बाजूंना वजन आहे. म्हणून पत्रात डिपॉझिटचा आकडा तारखेसह लिहून बँकेची पोच घ्या, म्हणजे जाहिरातीत तो यावा असा आग्रह धरता येईल. त्याहून बरं म्हणजे डिपॉझिटच कमी करणं. मुलाला 8 हजारांची सवलत द्यायचीच असेल तर किराया 1 लाखच ठेवू द्या आणि 6 लाखांपैकी 3 लाख आता, कर्जाच्या रकमेतून परत मागा. बँकेचं गणित बिघडत नाही आणि तुमचं बुडू शकणारं निम्मं होतं.

---

नर्मदातीर · गुरुवार, दुपारी 1:05

हे माझ्या मित्राला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

---

पडदेवाली · रविवार, रात्री 11:10

काय झालं ते सांगते.

गुरुवारी रात्री काका आणि मुलगा दोघांना घरी बोलावलं, चहा झाला, आणि वकीलसाहेबांनी सांगितलेला क्रम कागदावर काढून दाखवला. मुलाला खरोखरच माहीत नव्हतं. काका गप्प बसले, मग म्हणाले, तुझा 2022 चा कागद तसाच राहू दे. नवीन किरायानामा रद्द. डिपॉझिटचे 3 लाख कर्ज मिळाल्यावर पंधरा दिवसांत परत, असा पूरक करार शनिवारी रजिस्टर झाला. लॉक-इन मी वाढवून दिलं, पण दोनच वर्षं. मला इथे राहायचंच आहे, त्यामुळे जड वाटलं नाही.

बँकेला माझं उत्तर शुक्रवारी दिलं, पोच घेतली. शाखेतल्या बाईंनी नीट वाचलं. नोटिशीची प्रत आणि जीएसटीचं वाक्य चालेल म्हणाल्या. दुरुस्तीच्या वजावटीला 25 हजारांच्या वर नाही म्हणाल्या, मी 50 वर अडून आहे. न उठवण्याचं वाक्य त्यांनी वरच्या कार्यालयात पाठवलंय, उत्तर आलेलं नाही. त्यामुळे सही अजून केलेली नाही आणि उद्या कागद जमा होतायत की पुढे ढकललेत ते काकाही सांगू शकले नाहीत.

आणि खालच्या दुकानाच्या मॅनेजरशी बोलले. विजयनगरची जागा त्यांनी घेतली आहे, दिवाळीनंतर जाणार. पण बँकेच्या पत्रावर त्यांच्या मालकांनी मागच्या महिन्यातच सही केलीय, न वाचता. आता त्यांना कळलंय की बँकेच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. ते उद्या मला भेटायला येतायत. वकीलसाहेब, त्यांच्यासाठी काही मार्ग आहे का? किरायानामा त्यांचा पुढच्या वर्षी संपतोच आहे, मग संपल्यावरही हे पत्र त्यांना बांधून ठेवतं का?

---

वकील_साउथतुकोगंज · रविवार, रात्री 11:35

पत्रात "किरायानामा संपवणार नाही" असं आहे की "किरायानामा वाढवत राहीन" असंही आहे, यावर सगळं अवलंबून आहे. पहिलं असेल तर मुदत आपोआप संपणं म्हणजे त्यांनी संपवणं नव्हे. ते दिवाळीनंतर जाणार म्हणजे मुदतीच्या आधी जाणार, तेवढे महिने प्रश्न आहे. त्यांना पत्राची प्रत आणि मूळ किरायानामा दोन्ही घेऊन यायला सांगा. आणि काकांनाही सांगा की तळमजला जाणार आहे हे बँकेला आजच कळवा. कर्ज वाटप होण्याआधी कळलं तर बँक रक्कम कमी करेल, फार तर. नंतर कळलं तर काकांनी माहिती दडवली असं होईल.